निरोपाचे पाच मिनिटांचे भाषण

शुक्रवार, 31 मे 2024 रोजी मी तहसील कार्यालयातून अव्वल कारकून या पदावरून सेवानिवृत्त झालो. माझी जन्मतारीख 1 जून 1966 आहे. आमच्या पिढीतील कितीतरी मुलांची हीच तारीख शाळेत नाव घालताना गुरुजींनी लावली आणि ज्याचा जन्म महिन्याच्या एक तारखेचा, तो आधीच्या महिन्याच्या अखेरच्या दिवशी निवृत्त होतो असा पेन्शनचा नियम असल्यामुळे दरवर्षी 31 मे रोजी सरकारी कार्यालयांत निरोप समारंभांची गर्दी असते. आमच्याकडेही त्या दिवशी दोघे होतो, एक मी आणि दुसरे मंडळ अधिकारी. त्यातच लोकसभेची मतमोजणी चार दिवसांवर, म्हणजे 4 जूनला होती. मतमोजणीची प्रशिक्षणे, ओळखपत्रे, टेबलनिहाय नेमणुकांचे आदेश यांत निम्मे कार्यालय गुंतलेले होते आणि रावसाहेबांना, म्हणजे आमच्या तहसीलदारांना, सायंकाळी सहाच्या बैठकीला जिल्ह्याच्या ठिकाणी पोहोचायचे होते. आमचे नाझर आठवडाभर आधी माझ्या टेबलाजवळ येऊन म्हणाले, "अण्णा, कार्यक्रम पाच ते साडेपाच. तुम्हा दोघांना पाच-पाच मिनिटे. रागावू नका." मी रागावलो नाही, पण पाच मिनिटे म्हणजे नेमके किती, हे मला तेव्हा ठाऊक नव्हते.

तेहतीस वर्षांच्या नोकरीत मी तीस तरी निरोप समारंभ पाहिले असतील. त्यांचा क्रम ठरलेला असतो. प्रास्ताविक, दोन-तीन सहकाऱ्यांची मनोगते, शाल, श्रीफळ आणि भेटवस्तू देऊन सपत्नीक सत्कार, सत्कारमूर्तींचे मनोगत, अध्यक्षांचे भाषण, आभार आणि अल्पोपाहार. या क्रमात सत्कारमूर्तीची पाळी येते तेव्हा ऐकणारे थकलेले असतात आणि बोलणारा मात्र त्या दिवसाची अनेक महिने वाट पाहत आलेला असतो. मी एका ज्येष्ठ सहकाऱ्याला बदल्यांचा इतिहास सांगताना पाहिले आहे. ते कोणत्या साली कोणत्या शाखेत होते, तेथे साहेब कोण होते, मग बदली कोठे झाली, असे पंचवीस मिनिटे चालले आणि ज्या माणसांनी त्यांना खरोखर सांभाळले, त्यांची नावे शेवटच्या घाईत एका दमात उरकली गेली. खोलीत बसलेल्या माणसांना आपल्याविषयी काहीतरी ऐकायचे असते, हे मला त्या दिवशी कळले होते. तरीही माझ्या पहिल्या मसुद्यात मी तीच चूक केली.

तो मसुदा मी तीन संध्याकाळी बसून लिहिला. फुलस्केपची सात पाने झाली. मुलीने फोनवर वेळ लावली आणि मी भाषण करताना वाचावे तसे सावकाश, थांबत वाचले. एकोणीस मिनिटे झाली. माझ्या वाचण्याच्या गतीने साधारण शंभर शब्दांना एक मिनिट लागते, म्हणजे पाच मिनिटांत पाचशे शब्दही मावत नाहीत, कारण कंठ दाटला, कोणी टाळी वाजवली किंवा माइक खरखरला तर थांबावे लागते. साडेचारशे शब्दांची मर्यादा मी त्या रात्री स्वतःला घालून घेतली.

पहिल्यांदा बदल्यांची यादी काढली. ती माझ्या सेवापुस्तकात आहे आणि वेतन पडताळणी पथकाने ती तपासून शिक्काही मारला आहे. ती पुन्हा माणसांसमोर वाचण्याचे कारण नव्हते. दुसरा काढला तो पदोन्नतीचा परिच्छेद. मधल्या काळातील माझे दोन वर्षांचे गोपनीय अहवाल सापडत नसल्यामुळे माझी पदोन्नती लांबली होती आणि त्याचे दुःख मी त्या मसुद्यात दीड पान लिहिले होते. लिहिताना मन मोकळे झाले, हे खरे. पण ज्यांच्या हातून ते अहवाल गहाळ झाले, त्यांपैकी कोणीही त्या दिवशी समोर नसणार होते. समोर असणार होती ती नुकतीच भरती झालेली, परीक्षा देऊन आलेली मुले, ज्यांचा त्यात काडीचाही संबंध नव्हता. तक्रार ज्याच्याकडे करायची, तो तेथे नसेल तर ती ऐकणाऱ्यांच्या डोक्यावर ओझे होऊन बसते. मी ते पान फाडले नाही, घरी ठेवले आहे.

तिसरी काटछाट विशेषणांची होती. "मनमिळाऊ", "तत्पर", "आदर्श", "मार्गदर्शक" हे शब्द प्रत्येक नावामागे लागले होते आणि मोठ्याने वाचताना लक्षात आले की नावे अदलाबदल केली तरी वाक्ये तशीच राहतात. तेव्हा मी एक नियम केला: ज्याचे आभार मानायचे, त्याने केलेली एक गोष्ट सांगायची. गोष्ट सांगता येत नसेल तर त्याचे नाव घेण्याऐवजी त्याच्या शाखेचे एकत्रित आभार मानायचे. हा नियम लावल्यावर यादी आपोआप आखडली आणि जे उरले त्यातील पहिला माणूस कोणी अधिकारी नव्हता, आमचे दप्तरबंद मामा होते.

मामांची गोष्ट 1994 ची आहे. मी तेव्हा अभिलेख कक्षात लिपिक होतो. कुळकायद्याच्या एका प्रकरणात अपील झाले आणि उपविभागीय कार्यालयाने मूळ संचिका मागवली. नोंदवहीत ती परत जमा झाल्याची नोंद होती, त्या नोंदीवर माझी सही होती, पण गावाच्या बस्त्यात, म्हणजे त्या गावाचे कागद बांधलेल्या लाल रुमालात, संचिका नव्हती. मला कारणे दाखवा नोटीस मिळाली आणि खुलाशासाठी सात दिवस. नोकरीला तीन वर्षे झालेली, घरी नुकतीच मुलगी झालेली. मामा नोटीस वाचू शकत नव्हते, पण माझा चेहरा त्यांनी वाचला. ते म्हणाले, "भाऊसाहेब, कागद दाराबाहेर गेलेला नाही. गाव चुकलं असेल." त्यानंतर तीन संध्याकाळी, कार्यालय सुटल्यावर, ते आणि मी कंदील आणि एक पिवळा दिवा एवढ्या उजेडात लाल रुमाल सोडत आणि पुन्हा बांधत बसलो. प्रत्येक रुमालातून वाळक्या कडुलिंबाचा पाला आणि धूळ बाहेर यायची. मामा एकही रुमाल घाईने बांधत नसत. आधी कागदांच्या कडा मांडीवर ठोकून सारख्या करत, मगच गाठ मारत.

तिसऱ्या दिवशी रात्री आठच्या सुमारास संचिका सापडली. प्रकरण खुर्द गावचे होते आणि ती बुद्रुकच्या बस्त्यात होती. मुखपृष्ठावर गावाचे नाव बरोबर लिहिलेले होते, पण "खुर्द" हा शब्द नेमका दोरीच्या गाठीखाली झाकला गेला होता, त्यामुळे वरून पाहणाऱ्याला फक्त गावाचे मूळ नाव दिसत होते. त्या दिवसापासून मी प्रत्येक संचिकेवर गावाचे नाव दोन ठिकाणी लिहू लागलो, वर डाव्या कोपऱ्यात आणि पाठीमागे खाली, जेथे गाठ पोहोचत नाही. आमच्या अभिलेख कक्षात आजही तसे लिहितात, पण ते का लिहितात हे कोणाला ठाऊक नव्हते. ते सांगणे मला माझ्या भाषणातील सर्वांत आवश्यक काम वाटले. मामा निवृत्त होऊन बरीच वर्षे झाली आहेत. मी त्यांच्या मुलाला फोन करून त्यांना कार्यक्रमाला बोलावले.

क्षमायाचनेचा प्रश्न वेगळा होता. "कळत नकळत कोणाचे मन दुखावले असल्यास क्षमा असावी" हे वाक्य आपल्याकडे प्रत्येक निरोपाच्या भाषणात असते आणि माझ्याही मसुद्यात होते. पण माझ्या बाबतीत ते खरे नव्हते, कारण मी कोणाचे मन दुखावले ते मला कळत होते. दोन वर्षांपूर्वी एका महत्त्वाच्या पत्रावर चुकीचा जावक क्रमांक पडला होता. मी आमच्या शाखेतील नव्या महसूल सहायक मुलीला चार पक्षकारांसमोर बोललो आणि नंतर नोंदवही पाहिली तेव्हा तो क्रमांक माझ्याच हस्ताक्षरात होता. तिने काही म्हटले नाही आणि मीही म्हटले नाही. आता तिचे नाव घेऊन सर्वांसमोर क्षमा मागितली असती तर तिला पुन्हा एकदा सर्वांच्या नजरा झेलाव्या लागल्या असत्या. म्हणून 29 मे रोजी दुपारी, जेवणाच्या सुट्टीत, मी तिच्या टेबलाजवळ जाऊन बसलो आणि जे सांगायचे ते सांगितले. ती म्हणाली, "अण्णा, मला वाटलं तुम्ही विसरलात." एवढेच. भाषणातील क्षमेचे वाक्य मी त्या दिवशी घरी आल्यावर खोडले.

राहिला नावांचा प्रश्न. कोणी सुटू नये म्हणून मी कार्यालयाचा हजेरीपट समोर ठेवला आणि त्यावरून शाखानिहाय यादी तयार केली. कोठेही नजरचूक होऊ नये, याची ही सर्वांत खात्रीची रीत आहे असे मला वाटले. तिचे काय झाले ते पुढे येईलच.

साडेचारशे शब्दांच्या मर्यादेत बसवून अखेरीस वाचले ते भाषण असे:

"आदरणीय रावसाहेब, माझ्यासोबत आज निवृत्त होणारे मंडळ अधिकारी साहेब आणि माझ्या सर्व सहकाऱ्यांनो,

मतमोजणी चार दिवसांवर असताना तुम्ही आमच्यासाठी अर्धा तास काढलात, याचे मोल मला कळते. मी पाच मिनिटांपेक्षा अधिक घेणार नाही.

मी 1991 साली लिपिक म्हणून रुजू झालो तेव्हा मला टिपणी लिहिता येत नव्हती. माझ्या पहिल्या टिपणीवर त्या वेळच्या अव्वल कारकुनांनी लाल शाईने फक्त एक प्रश्न लिहिला होता, 'अर्जदाराला नक्की काय हवे आहे?' मी ती टिपणी चार वेळा लिहिली. आज ते हयात नाहीत. त्यांचा तो प्रश्न मी पुढे प्रत्येक अर्जाला विचारत आलो आणि त्यासाठी मी त्यांचा ऋणी आहे.

आपल्या अभिलेख कक्षात संचिकेवर गावाचे नाव दोन ठिकाणी लिहितात. नव्या सहकाऱ्यांनी मला याचे कारण अनेकदा विचारले. त्याचे कारण आज मागच्या रांगेत बसले आहे. 1994 साली माझ्या हातून एक संचिका खुर्दऐवजी बुद्रुकच्या बस्त्यात गेली. दप्तरबंद मामांनी तीन रात्री माझ्यासोबत बसून ती शोधली. त्यांचे ते काम नव्हते, नोटीसही त्यांना नव्हती. मामा, माझी नोकरी त्या रात्री राहिली.

कोतवालांचे मी आभार मानतो, कारण मी टेबलावर बसून ज्या नोटिसा काढल्या, त्या पावसात, नदी ओलांडून, वेळेत बजावल्या गेल्या म्हणून माझी प्रकरणे नियमात राहिली. नोटीस बजावल्याची सही नसेल तर कितीही चांगला आदेश अपिलात टिकत नाही. संजय गांधी योजना शाखेतील सहकाऱ्यांचे आभार, कारण म्हातारी माणसे चुकून माझ्या खिडकीशी आली की ते स्वतः उठून त्यांना हाताला धरून घेऊन जात. नाझर साहेबांचे आभार, कारण माझे पेन्शन प्रकरण त्यांनी महालेखापाल कार्यालयाकडे वेळेत पाठवले आणि त्यातील एकाही त्रुटीसाठी मला हेलपाटा घालावा लागला नाही.

रावसाहेब, आपण एकदा माझ्या टिपणीशी असहमत होऊन आदेश दिला, पण माझे म्हणणे संचिकेत राहू दिले. कारकुनाला याहून मोठा सन्मान नसतो.

माझ्या पत्नीने तेहतीस वर्षे एक गोष्ट केली. निवडणूक असो, पूर असो, टंचाई असो, रात्री कितीही वाजता आलो तरी तिने 'उशीर का झाला' असे विचारले नाही, 'जेवलात का' असे विचारले.

माझ्या टेबलावरील प्रलंबित प्रकरणांची यादी मी कारणांसह कार्यभार यादीला जोडली आहे. त्यातील तीन प्रकरणांत पक्षकार वयाने फार मोठे आहेत. त्यांच्यावर मी लाल खूण केली आहे. ती आधी घ्यावीत, एवढी माझी विनंती आहे.

आपण सर्वांनी मला जे दिले, त्याबद्दल मी मनापासून आभारी आहे."

प्रत्यक्ष समारंभ पाच वाजून दहा मिनिटांनी सुरू झाला. मंडळ अधिकारी आधी बोलले आणि चांगले बोलले. माझ्या भाषणाचा कागद मी मोठ्या अक्षरात, एका पानावर सात-आठ ओळीच लिहून आणला होता, कारण डोळ्यांत पाणी आले की बारीक अक्षर दिसत नाही हे मी दुसऱ्यांच्या समारंभांत पाहिले होते. त्याचा उपयोग झाला. मामांच्या परिच्छेदाशी मी थांबलो. घरी पाच-सहा वेळा वाचताना तेथे काहीच झाले नव्हते, पण मागच्या रांगेत पांढरा सदरा घालून, टोपी मांडीवर ठेवून बसलेले मामा समोर दिसत होते आणि "माझी नोकरी त्या रात्री राहिली" हे वाक्य माझ्या तोंडून निघेना. मी पाण्याचा घोट घेतला. कोणी टाळी वाजवली नाही, कोणी काही बोलले नाही आणि त्या शांततेत मला पुढे वाचता आले. मामा उठून उभे राहिले नाहीत. त्यांनी बसल्या जागी दोन्ही हात जोडले. अभिलेख कक्षातील मुले मागे वळून त्यांच्याकडे पाहत होती. भाषण पाच मिनिटे आणि काही सेकंदांत संपले.

चूक लक्षात आली ती मी खुर्चीवर बसल्यानंतर, रावसाहेब बोलत असताना. दाराशी आमच्या सफाई कामगार ताई अल्पोपाहाराच्या बशा मांडत होत्या. रोज सकाळी साडेनऊच्या आत माझे टेबल पुसून, आदल्या दिवशीच्या सुट्या टाचण्या एका वाटीत गोळा करून ठेवणाऱ्या या बाई माझ्या यादीत कोठेच नव्हत्या. त्यांच्या शेजारी संगणक चालक उभा होता, ज्याने गेली सहा वर्षे माझ्या हाताने लिहिलेल्या प्रत्येक आदेशाचे टंकलेखन केले. तोही नव्हता. दोघेही बाह्य यंत्रणेमार्फत, कंत्राटावर आहेत. त्यांची हजेरी ठेकेदाराच्या वहीत लागते, आमच्या हजेरीपटावर त्यांची नावे नसतात. मी यादी ज्या कागदावरून केली, त्या कागदावरच ती नव्हती. सरकारी दप्तराचा एवढा अनुभव असताना, माणसे शोधण्यासाठी चुकीची नोंदवही उघडली याचे मला फार वाईट वाटले.

मी नाझर साहेबांच्या कानात सांगितले. ते म्हणाले, आभारप्रदर्शनात मी त्यांची नावे घेतो. पण ते माझे आभार होते, ते दुसऱ्याने मानून चालणार नव्हते. रावसाहेबांचे भाषण संपल्यावर मी त्यांची परवानगी घेऊन पुन्हा माइकजवळ गेलो आणि तीन वाक्ये बोललो. दोघांची नावे घेतली, टाचण्यांच्या वाटीचे सांगितले, माझे किचकट हस्ताक्षर लावून वाचणाऱ्याचे सांगितले आणि त्यांची नावे माझ्या कागदावर राहून गेली ही चूक माझी आहे हेही सांगितले. ताई बशी हातात धरून तशाच उभ्या राहिल्या. नंतर त्यांनी माझ्या पत्नीला खुर्चीपर्यंत चहा आणून दिला आणि तिच्याशी बराच वेळ बोलत राहिल्या. काय बोलल्या ते पत्नीने मला सांगितलेले नाही.

रावसाहेब पावणेसहाला बैठकीसाठी निघाले. मुले मतमोजणीच्या आदेशांकडे परत गेली. मी माझ्या टेबलाशी येऊन कार्यभार हस्तांतरण प्रमाणपत्रावर "मध्यान्हानंतर" या शब्दापुढे सही केली आणि कपाटाची किल्ली त्याच मुलीच्या हातात दिली, जिच्या टेबलाजवळ मी दोन दिवसांपूर्वी जाऊन बसलो होतो. तिने माझ्यासमोरच कार्यभार यादी उघडली आणि लाल खूण केलेल्या तीन संचिका काढून वरच्या खणात ठेवल्या. मामांना सातच्या एसटीने परत जायचे होते, म्हणून मी त्यांच्यासोबत स्थानकापर्यंत चालत गेलो.